लाल मोज्याने पांढरे कपडे गुलाबी झाले? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

मशीन थांबलं, झाकण उघडलं तर सगळे पांढरे कपडे गुलाबी. तळाशी लाल मोजा निघाला. सगळ्यात आधी काय करू? – पुणे

मोजा बाजूला काढा आणि बाकीचे कपडे ओलेच ठेवा. वाळत घालू नका, इस्त्रीला देऊ नका. हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो आणि बहुतेक पत्रांत पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "वाळल्यावर बघू म्हटलं, पण रंग तसाच राहिला." वाळल्यावर बघायचंच नसतं. ओल्या कापडावर बाहेरून आलेला रंग धाग्याला सैलसर धरून असतो आणि पाण्याबरोबर सुटू शकतो. पाणी उडून गेलं की रंग मागे राहतो आणि जास्त घट्ट बसतो. इस्त्रीची किंवा ड्रायरची उष्णता लागली तर काम आणखी अवघड होतं.

आता कपडे भरपूर साध्या पाण्यातून खळबळून काढा. प्रत्येक वेळी पिळलेलं पाणी पांढऱ्या कपात घेऊन उजेडात बघा. पाण्याला गुलाबी झाक असेल तोवर सुटा रंग अजून निघतो आहे, म्हणून पाणी बदलत राहा. पाणी स्वच्छ निघायला लागलं की नेहमीची पावडर घालून, लेबलवर चालत असेल तेवढ्या गरम पाण्यात फक्त हेच कपडे पुन्हा धुवा. मोजा नवा असेल आणि तुम्ही लगेच हात घातला असेल, तर पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. पाणी स्वच्छ आणि कापड मात्र गुलाबी, अशी स्थिती आली तरच ब्लीचचा विचार करायचा.

आमच्या सोसायटीतल्या काकूंनी सांगितलं की मिठाच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून रात्रभर भिजव, सगळा रंग उतरेल. किती मीठ घालू? – ठाणे

चिमूटभरसुद्धा नाही. या एका सल्ल्याने जेवढे पांढरे कपडे वाया गेलेले मी बघितले आहेत, तेवढे रंगाने स्वतःहून गेलेले नाहीत. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या कुठल्याही रंगाई कारखान्यात जा. सुती कापड रंगवताना टाकीत रंगाबरोबर काय पडतं ते बघा. मीठ पडतं, तेही पोत्यांनी. गडद छटेला एका लिटर पाण्यामागे 50 ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. कारण असं की पाण्यात सुती धाग्यावर ऋण भार असतो आणि सुतासाठी वापरतात ते बहुतेक रंगही ऋण भाराचेच असतात. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. पाण्यात मीठ आलं की हा दुरावा कमी होतो आणि रंग पाणी सोडून धाग्यात शिरतो. म्हणजे रंग कापडावर चढवण्यासाठी रंगारी जे वापरतो, तेच तुम्ही रंग उतरवायला वापरायचं म्हणता आहात. गुलाबी झालेला बनियन रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवणं म्हणजे त्याला गुलाबी रंगवायला ठेवणं.

मग हा समज एवढा टिकला कसा? रंग जाणारं कापड मिठाच्या पाण्यात घातलं की पाणी कमी रंगतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, रंग पक्का झाला. तो पक्का झालेला नसतो, खाऱ्या पाण्याने नुसता कापडात दाबून धरलेला असतो. पुढच्या धुण्यात साधं पाणी लागलं की पुन्हा सुटायला लागतो. नव्या कपड्यांना "पहिल्यांदा मिठात भिजवा" असं दुकानदार सांगतात, तेव्हाही हेच होतं. त्यापेक्षा नवा लाल मोजा तीन-चार वेळा वेगळा धुवा आणि मग तो ओला असताना पांढऱ्या चिंधीत गुंडाळून वरून गरम इस्त्री दाबून बघा. चिंधी स्वच्छ राहिली तरच तो इतर कपड्यांत टाका.

व्हिनेगरचंही तसंच. लोकर, रेशीम आणि नायलॉन रंगवताना आम्ल घालतात, ते रंग चढावा म्हणून. सुती कापडावरचा रंग व्हिनेगरने निघत नाही, पक्काही होत नाही. आणि घरात ब्लीचची बाटली उघडी असेल तर व्हिनेगर जवळपासही नको. कारण पुढच्या उत्तरात आहे.

मुलाच्या शाळेचे चार पांढरे शर्ट, दोन बनियन आणि माझी एक ब्रा, सगळं एकाच धुण्यात गेलं. मशीनमध्ये ब्लीच ओतून पुन्हा फिरवू का? – नाशिक

ओतू नका. या सात कपड्यांत तीन वेगवेगळी कापडं आहेत. शाळेचे शर्ट बहुधा टेरिकॉटचे असतात, लेबलवर बघा. त्यातल्या पॉलिस्टरवर सुती मोज्याचा रंग फारसा बसत नाही, फक्त सुती भागावर बसतो. म्हणून शर्ट फिके गुलाबी आणि बनियन गडद दिसत असतील. ब्रामध्ये नायलॉन आणि ताणणारा लायक्रा असतो. क्लोरीनचं ब्लीच लायक्राला लागलं की तो पिवळा पडतो आणि ताण सोडतो.

तिघांनाही चालेल असं एकच आहे, ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पांढरी दाणेदार पावडर. प्लास्टिकची बादली घ्या. गीझरचं, हाताला जेमतेम सोसेल एवढं गरम पाणी आठ लिटर घ्या आणि त्यात चार मोठे चमचे पावडर पूर्ण विरघळवून मगच कपडे बुडवा. विरघळण्याआधी कपडे टाकले तर दाणे एकाच जागी बसून तिथलं कापड उडतं. वर पाणी भरलेलं भांडं ठेवा, म्हणजे कपडे वर येणार नाहीत. पण बादलीला किंवा उरलेल्या द्रावणाच्या बाटलीला घट्ट झाकण लावू नका, आत वायू तयार होतो आणि बाटली फुटू शकते.

ब्रा दोन तासांनी काढून बघा. शर्ट आणि बनियन सहा तास ठेवले तरी चालतात. तपासताना शर्टाची पाठ बघू नका, ती आधी पांढरी होते. कॉलर उलटी करा. तिथे आतल्या अस्तरासकट कापडाचे थर असतात आणि रंग त्यांत दडून बसतो. बनियनचा गळा आणि बाह्यांची जाड पट्टीही बघा. तिथे गुलाबी दिसली तर जुनं पाणी फेकून नवी पावडर घ्या. थंड झालेल्या जुन्या पाण्यात तासन् तास ठेवण्यात अर्थ नाही, त्याचा जोर संपलेला असतो. शर्टाच्या खिशावर शाळेचं रंगीत चिन्ह भरलेलं असेल, तर आधी द्रावणात बुडवलेली पांढरी चिंधी त्यावर दहा मिनिटं दाबून ठेवा. चिंधीवर रंग आला तर तो शर्ट घरी भिजवू नका, चांगल्या लाँड्रीत दाखवा.

दोन फेऱ्यांनंतरही बनियन गुलाबी राहिले आणि ते शंभर टक्के सुती असतील, तरच क्लोरीनचं ब्लीच वापरा. आधी सगळी पावडर धुऊन काढा. मग थंड पाणी, एका लिटरला दोन छोटे चमचे ब्लीच, दहा मिनिटं, आणि भरपूर खळबळणं. शर्टांना हे लावायचं असेल तर आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा. न चुरगळणाऱ्या कापडावरची प्रक्रिया क्लोरीन धरून ठेवते आणि शर्ट पिवळा पडतो. पिवळेपणा काढणं गुलाबी काढण्याहून कठीण आहे. शंका असेल तर थांबा आणि धुलाईवाल्याला विचारा.

क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट साफ करायचं आम्ल किंवा अमोनिया असलेलं क्लीनर कधीही मिसळू नका. आम्लाबरोबर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. "दोन्ही घातलं तर लवकर होईल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. चुकून मिसळलं गेलं तर लगेच बाहेर या. खोकला किंवा धाप लागली तर डॉक्टरकडे जा, उद्यावर टाकू नका.

नीळ जास्त घातली तर गुलाबी झाकलं जाईल ना? – सांगली

नाही. गुलाबीवर निळा चढला की जांभळट-करडा होतो. नीळ रंग काढत नाही.

बाजारात "दोन मिनिटांत कुठलाही डाग गायब" अशी रंग उडवायची पावडर मिळते. दुकानदार म्हणतो कशालाही चालते. घेऊ का? – कोल्हापूर

"कशालाही" म्हणणाऱ्याला पाकिटावरचा घटक वाचून दाखवायला सांगा. घटकच छापलेले नसतील तर घेऊ नका. चांगल्या पाकिटावर बहुधा सोडियम हायड्रोसल्फाइट असतं. तुमच्या भागात गुऱ्हाळावर गुळाचा रंग उजळायला हायड्रोस म्हणून जी पावडर वापरली जाते, तीच ही. ती लाल रंगाचा रेणू तोडते, त्यामुळे ऑक्सिजन ब्लीचला दाद न देणारी गुलाबीही पुष्कळदा जाते. पण तिला तुमचा नको असलेला रंग आणि हवा असलेला रंग यांतला फरक कळत नाही. काठ, छपाई, भरतकाम, सगळं उडतं. धातूची बटणं आणि चेन काळी पडू शकतात. डबा ओलसर झाला तर पावडर आपोआप तापून पेटू शकते, आणि आम्ल लागलं तर दम्याच्या रुग्णाला सोसणार नाही असा वायू येतो. पूर्ण पांढरा, सुती आणि किमती नसलेला कपडा असेल तर पाकिटावरच्या मापाने, खिडकी उघडी ठेवून वापरा. बाकी कशासाठीही रंगाऱ्याकडे जा.

आणि धुण्याबरोबर मशीनमध्ये टाकायचे रंग शोषणारे कागद विकत घेताना एवढं लक्षात घ्या की ते पाण्यात सुटलेला रंग धरतात. कापडावर बसलेला रंग ओढून काढत नाहीत.

दहा दिवस झाले. कपडे वाळले, इस्त्रीही झाली. आता काही होईल? – सोलापूर

दहा दिवस का थांबलात? तरीही सुती असतील तर वर सांगितलेल्या ऑक्सिजन ब्लीचच्या दोन-तीन फेऱ्या करून बघा. पूर्ण पांढरं होईलच असं सांगता येत नाही. तिसऱ्या फेरीनंतरही फरक दिसला नाही, तर पुढे कापडच झिजवाल. तिथे थांबा आणि कपडा रंगाऱ्याला दाखवा.

मशीनमध्ये रंग राहील का? – पनवेल

रिकामं मशीन पावडर घालून गरम पाण्यावर एकदा फिरवा. रबरी कडेची घडी पुसा, दुसरा मोजा बहुतेक तिथेच सापडतो.

पांढरी रेशमी साडी या धुण्यात चुकून गेली. काठ हिरवा आहे. परकार्बोनेट चालेल का? – छत्रपती संभाजीनगर

नाही. ती पावडर अल्कधर्मी असते, रेशमाचा तलमपणा जातो. क्लोरीनचं ब्लीच तर रेशीम खाऊनच टाकतं. लोकरीलाही हेच लागू आहे. साडी पिळू नका, थंड पाण्यातून हलकेच काढा, काठ मुख्य कापडावर टेकू देऊ नका, दोन्हींमध्ये पांढरा कोरडा पंचा ठेवा आणि ओलसर असतानाच जाणकार ड्रायक्लीनरकडे न्या. त्याला कशाचा रंग लागला, केव्हा लागला आणि तुम्ही काय काय करून बघितलं, हे सगळं सांगा. नुसत्या ड्रायक्लीनिंगने हा रंग निघत नाही, कारण तो पाण्यात विरघळणारा आहे आणि तिथला द्रव वेगळा असतो. म्हणून "पाण्यातली रंग काढायची प्रक्रिया करता का, आणि आधी पदराच्या आतल्या टोकावर तपासता का" हे विचारा. दोन्हींना हो म्हणत असेल तरच साडी त्याच्या हातात द्या.