फुटलेल्या हुमणाचं वर्णन कसं करायचं

प्रश्न: काल बांगड्याचं हुमण केलं, पण फुटल्यासारखं झालं. फोटो काढला होता, तोही मोबाइलबरोबर गेला. नेमकं काय चुकलं ते कळायला आता काय सांगू?

उत्तर:

नुसतं ‘फुटलं’ सांगून भागणार नाही. दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण तोच शब्द वापरतो. उरलेलं हुमण असेल तर तेच बघा, फोटोपेक्षा ते जास्त सांगेल.

आधी ढवळून बघा. ढवळल्यावर रस एकजीव होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा वर लालसर पाणी, खाली खोबऱ्याचा चोथा असं दिसतं का? मग खालचा गाळ चिमटीत घेऊन चोळा. रव्यासारखा खरखरीत लागला तर वाटण जाड राहिलंय. फोंड्याच्या आमच्या शेजारीणबाईंचं असंच झालं होतं. त्या सोलांना दोष देत होत्या, पण गाळ बोटांत विरघळेना. विचारल्यावर कळलं, मिक्सरला सुरुवातीलाच भरपूर पाणी घातलं होतं, त्यामुळे खोबरं नुसतंच फिरत राहिलं. वाटताना पाणी बेताबेताने घालायचं आणि चमचाभर भिजवलेले तांदूळ खोबऱ्याबरोबरच वाटायचे. रस धरून राहतो.

पण चिमटीत कण मऊ लागून चिरडले गेले, आणि ढवळूनही पांढरट ठिपके तसेच राहिले, तर वाटणाचा दोष नव्हे. नारळाचा रस जोरात, फार वेळ उकळला की असं होतं. आंबट आधीच पडलेलं असेल तर आणखी लवकर. इथे कधी फुटलं ते आठवा: पहिल्या उकळीला, सोलं घातल्यावर, की दुसऱ्या दिवशी गरम करताना? मातीच्या भांड्यात केलं असेल तर तेही सांगा, कारण गॅस बंद केल्यावरही त्यात रस बराच वेळ रटरटत राहतो.

वर केशरी तेलाचे थेंब दिसले म्हणून घाबरू नका, ते खोबऱ्याचं तेल, थोडं सुटणारच. आणि कणांना धागे असतील तर ते खोबरं नाहीच, जास्त शिजून मोडलेला बांगडा आहे. माझ्या मते लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

वाटण जाड असेल तर कालचं हुमण वाचतं. बांगडे आणि तिरफळं बाजूला काढा, रस गाळा, गार झाल्यावर चोथा त्याच रसात पुन्हा बारीक वाटा, मंद आचेवर गरम करा आणि बांगडे शेवटी सोडा. उकळून फुटलेलं मात्र पुन्हा वाटूनही पहिल्यासारखं होत नाही. चवीला बिघडलेलं नसतं, उकड्या भाताबरोबर खाऊन टाका.