रात्रभर जागवणारी गोळी आणि माझी एम-थ्रीची केटी

प्रश्न: पुढच्या सोमवारपासून सेमचे पेपर आहेत. हॉस्टेलवर बरेच जण मेंदू तल्लख करणाऱ्या गोळ्या घेऊन रात्रभर वाचतायत. खरंच फायदा होतो का? मी पण घेऊ का?

नको घेऊस भावा. मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलवाला आहे, पण या गोळीपायी एक केटी खाल्लीय म्हणून सांगतोय.

नेरूळला हॉस्टेलवर होतो, सेकंड इयर, थर्ड सेम. पीएल लागली तेव्हा एम-थ्रीत माझी पाटी जवळपास कोरी, लाप्लास थोडंफार यायचं, फोरियर सिरीज फक्त नावाने ओळखीची. पेपर मंगळवारी दुपारी अडीचला आणि मी जागा झालो रविवारी दुपारी. वरच्या मजल्यावरच्या एका सीनियरने अर्धी पट्टी दिली, म्हणाला यावर लोक गेट काढतात. मोडाफिनिल, २०० मिलिग्रॅम. पट्टीवर आरएक्स छापलेलं होतं म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको, पण त्याला कुठून मिळाली हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. (रूममेट वेगळंच घ्यायचा, बाटलीवर मेंदूचं चित्र असलेल्या कॅप्सूल. त्याने तो जागाही राहायचा नाही, साडेदहाला घोरायला लागायचा. पुढे काय झालं ते बघता त्याची कॅप्सूलच बरी म्हणायची.)

रविवारी रात्री दहाला पहिली घेतली. बाराच्या आसपास असं वाटायला लागलं की कोणीतरी डोक्यातला ट्यूबलाईट बदलून नवीन लावलाय. जांभई नाही, भूक नाही, तोंड कोरडं, कपाळात हलकं दुखणं, पण वाचायला बसलो की उठावंसंच वाटेना. आणि यातच सगळी गंमत आहे, कारण मी त्या तरतरीत केलं काय तर फॉर्म्युला शीट बनवली. लाल, निळा, हिरवा पेन, पट्टीने चौकटी, प्रत्येक फॉर्म्युल्याला वेगळी, दोन अडीच तास गेले त्यात. मग गाईडमधले सॉल्व्ह केलेले सम वाचत गेलो, प्रत्येक स्टेपला मान हलवत, हो बरोबर, हो कळलं. स्वतः कोऱ्या कागदावर एकही सम सोडवला नाही, कारण गरजच वाटली नाही, सगळं येतंय असंच वाटत होतं.

सोमवारी सकाळी नऊला दोन तास पडलो, ते पण डोळे मिटून पंखा ऐकत. सोमवारी रात्री परत एक. पहाटे चारला टपरीवर दोन कटिंग मारून आलो, वॉचमन काका म्हणाले, "अरे, डोळे बघ तुझे, झोप जरा." मी म्हटलं, काका, एकदम फ्रेश आहे. आणि खरंच तसं वाटत होतं.

पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा मी मित्रांना सांगितलं की पंचावन्न कुठे गेले नाहीत. पेपर ८० चा, पासिंगला ३२. मला पडले २६.

मला वाटलं तपासणाऱ्याने गडबड केली, म्हणून फोटोकॉपीला अर्ज केला. ती हातात आली आणि मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून वाचली. अक्षर माझंच, एकदम सुबक. पहिल्याच प्रश्नात sin at च्या लाप्लासच्या जागी cos at चा लिहिलेला, म्हणजे वर a हवा तिथे s, आणि मग त्या चुकीच्या आधारावर पानभर व्यवस्थित गणित. त्या तीन रंगांच्या शीटवर हे दोन फॉर्म्युले एकाखाली एक होते, ते मला अजून दिसतात. पुढे फोरियरचा सम, f(x) = x², −π ते π. ज्याने एकदा जरी हा प्रकार केलाय त्याला दिसतं की फंक्शन ईव्हन आहे, b_n शून्य येणार, ते काढायचंच नाही. मी b_n चं इंटिग्रेशन दोन पानं केलं होतं, बाय पार्ट्स, परत बाय पार्ट्स, चिन्ह चुकून उत्तर शून्य येईना म्हणून खोडून परत तेच. एका ठिकाणी ओळीच्या मधूनच पेनाची रेघ खाली घसरत गेलेली आणि मग पुढचा शब्द दुसऱ्याच ओळीवर. ती रेघ कधी ओढली ते मला आठवतच नव्हतं. म्हणजे काही सेकंद मी तिथे बसल्या बसल्या झोपलो होतो.

ती फोटोकॉपी घेऊन मी कळव्याला मावशीकडे गेलो, ट्रान्स हार्बरने ठाणे आणि तिथून एक स्टेशन. मावशीची मोठी मुलगी एमबीबीएस करून ठाण्यात एका हॉस्पिटलात आहे, नाईट ड्युटी करकरून तिचा झोप या विषयावर हात बसलाय. आधी मावशीसमोर काही बोलली नाही, गॅलरीत नेलं आणि मग माझी सालटी काढली.

म्हणाली, "तुला काय वाटतं, गोळीने झोप भरून निघाली? दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अडेनोसिन साचत जातं, त्यानेच झोप दाटते. चहातलं कॅफिन त्याची बसायची जागा अडवतं आणि तुझी गोळी मुख्यतः डोपामिन परत उचलू देत नाही म्हणून तरतरी येते. झोपेची उधारी तशीच राहते, फक्त वसुलीवाल्याची बेल तुला ऐकू येत नाही."

मग तिने हिशोब घातला. या गोळीचं प्रमाण रक्तात निम्मं व्हायला साधारण बारा ते पंधरा तास लागतात. म्हणजे रविवारी रात्री दहाला घेतलेली सोमवारी रात्री दहाला अजून पावभर तरी अंगात होतीच, आणि त्यावर मी दुसरी टाकली. त्यामुळे मंगळवारी पेपर झाल्यावर मी मेलेल्यासारखा पडलो पण झोप लागेना, पहाटेपर्यंत छताकडे बघत होतो, ते का ते तेव्हा कळलं. गुरुवारचा थर्मो कसाबसा निघाला तो नशिबाने. आणि ती म्हणाली ही गोळी मुळात नार्कोलेप्सीसाठी आहे, म्हणजे ज्यांना दिवसा अनावर झोप येते त्यांच्यासाठी, किंवा शिफ्टमुळे झोपेचं चक्र बिघडलेल्यांसाठी, डॉक्टर तपासून देतात. क्वचित कोणाला अंगावर गंभीर पुरळ उठतं, ते उठलं तर गोळी बंद करून ताबडतोब दवाखाना. छातीत धडधडलं तरी तेच. तुझ्या हॉस्टेलवर कोणी घेतच असेल तर त्याला एवढं तरी सांग.

पण मला खरी लागली ती दुसरी गोष्ट. मी म्हटलं, ताई, पण मला सगळं येत होतं गं, रात्री तर एकदम क्लिअर होतं. ती म्हणाली तेच तर. कॅनडात एक प्रयोग झाला होता, १९९७ साली छापून आला, माणसांना दोन दिवसांहून जास्त जागं ठेवून काहींना हीच गोळी दिली. जागं राहायला गोळीने मदत झाली, पण आपली कामगिरी कशी होतेय हा अंदाज त्यांचा फुगला, जेवढं जमत होतं त्यापेक्षा जास्त जमतंय असं त्यांना वाटत होतं. मी फोटोकॉपीकडे बघितलं. पंचावन्न आणि सव्वीस.

काकांचं कळव्यात किराणा दुकान आहे, म्हणून तिने उदाहरण पण तसंच दिलं. दिवसा बाबा रोजकीर्दीत नोंदी करतात आणि रात्री शटर पाडल्यावर खतावणी, रात्री ते केलंच नाही तर कोणाकडे किती बाकी ते सापडणार कसं. दिवसभर वाचलेलं आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरतं राहतं आणि गाढ झोपेत ते परत परत चाळवलं जाऊन बाहेरच्या कॉर्टेक्समध्ये पक्कं होत जातं. ही गाढ झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात येते. तू दोन रात्री नोंदी केल्यास, खतावणी एकही रात्र नाही.

हे काही आजचं नाही म्हणे. १९२४ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत दोन विद्यार्थ्यांना बिनअर्थाची दहा दहा अक्षरं पाठ करायला लावली होती, कधी पाठ करून झोपायचं, कधी पाठ करून जागं राहायचं. आठ तासांनी विचारलं तर झोपून उठल्यावर निम्म्याहून थोडी जास्त आठवायची, जागं राहिल्यावर दहातलं जेमतेम एक. दोनच पोरं होती हे खरं, पण नंतर शंभर वर्षं लोक वेगवेगळ्या पद्धतीने हेच तपासतायत आणि पाठांतराच्या बाबतीत दिशा तीच राहिलीय.

केटी मे मध्ये. हॉस्टेलचा वरचा मजला, पत्रा तापलेला, तरी मी रात्री अकराला आडवा आणि सहाला उठायचो. संध्याकाळी सहानंतर चहा बंद केला, कारण कॅफिन पण निम्मं व्हायला पाच एक तास घेतं, रात्री नऊची कटिंग दोन वाजता पण अंगात असते. झोपायच्या आधी एकच टॉपिक आणि सकाळी उठल्या उठल्या, ब्रश करायच्या पण आधी, कोऱ्या कागदावर तो न बघता लिहायचा. जे सुटलं त्याला गोल. पहिल्या आठवड्यात कागदावर गोलच गोल होते, वाईट वाटायचं, पण निदान काय येत नाही ते आदल्या दिवशी कळत होतं, निकालाच्या दिवशी नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर झोपून न वाचलेलं येत नाही. तुझं पोर्शनच बाकी असेल आणि हातात एकच रात्र असेल तर सगळं करायच्या नादी लागू नकोस, दोन टॉपिक सोड, बाराच्या आसपास वह्या मिट आणि निदान पाच तास तरी झोप. साडेपाचला उठून केलेली रिव्हिजन रात्री दोनच्या वाचनापेक्षा कामाची ठरते, हा माझा अनुभव. आणि तुझ्याकडे तर सोमवारपर्यंत वेळ आहे अजून.

केटीच्या पेपरला मी नऊ तास झोपून गेलो, इतका की रूममेटने हलवून उठवलं. x² आलंच नव्हतं, |x| आलं होतं, −π ते π. मी लिहिलं, फंक्शन ईव्हन आहे म्हणून b_n = 0, आणि पुढच्या ओळीवर गेलो.