आधी तापमान बघा, मग पाऊस

पणजीत वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस, म्हणून हवामानाचे पट्टे पाडताना तुम्ही गोवा वर्षावनाच्या पट्ट्यात टाकलात. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो! तापमान आणि पावसावरून हवामानाचे प्रकार ठरवणाऱ्या कोपेनच्या पद्धतीत नुसती वर्षाची बेरीज चालत नाही. वर्षावनासाठी सगळ्यात कोरड्या महिन्यातही 60 मिमी लागतात. आपल्याकडे फेब्रुवारीत अंगणसुद्धा भिजत नाही. म्हणून आपलं हवामान मोसमी.

तूर्त हा क्रम पाळा:

- सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी 0 ते 10 अंश? मग टुंड्रा, पाऊस कितीही कमी असो.
- मग वाळवंट तपासा. उष्ण प्रदेशात 200 मिमी पाऊस बाष्पीभवनापुढे टिकत नाही. टुंड्रात तेवढ्यावरही उन्हाळ्यात चिखल असतो, कारण खाली जमीन गोठलेली.
- वर्षावन शेवटी. बाराही महिन्यांची सरासरी 18 अंशांच्या वर हवी.

वाळवंटाच्या सीमेचं सूत्र सध्या राहू द्या.