मित्रांच्या ट्रिपचं ठिकाण वेळेत कसं ठरवावं?

"आम्ही सात जण आहोत, निम्मे पुण्यात, निम्मे ठाण्यात. दोन महिने ग्रुपवर गोवा, हंपी, केरळ असं नुसतं चाललंय. प्रत्येकाचं बजेट वेगळं. ठिकाण ठरवायचं कसं?"

ठिकाणापासून सुरुवात करू नका, आधी पैसे आणि तारीख ठरवा. आमचाही ग्रुप सात जणांचा, चार पुण्यात आणि तीन ठाण्यात. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबर संपेपर्यंत "बघू, ठरवू" चाललं आणि कुणीच कुठे गेलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, म्हणून गेल्या वर्षी मी हे काम अंगावर घेतलं.

ग्रुपवर बजेट विचारलं की कमी पगाराचा मित्र गप्प बसतो, किंवा "चालेल" म्हणतो आणि ऐन वेळी गळतो. म्हणून मी ईमेल न मागणारा एक गुगल फॉर्म केला. त्यात एकच प्रश्न: घरातून निघून घरी परत येईपर्यंत, जास्तीत जास्त किती? उत्तरं आली 7, 8, 8, 9, 10, 12 आणि 15 हजार. सरासरी जवळपास 9,900 निघते, पण त्या आकड्याला चार जण बाहेर पडतात. त्यामुळे सरासरी काढूच नका, सगळ्यात कमी आकडा हीच मर्यादा. ग्रुपवर मी फक्त 7,000 जाहीर केले आणि आखणी 6,000 मध्ये केली. वरचे हजार रिक्षा, चहा, अडीअडचणीसाठी. स्कूबासारख्या गोष्टी ज्याच्या त्याच्या खिशातून.

मग प्रत्येकाने एकच ठिकाण सुचवायचं, पण सोबत घरापासून तिथल्या खोलीपर्यंत किती तास लागतात तेही लिहायचं. हे स्वतः शोधावं लागलं की काही नावं आपोआप मागे पडतात. आमच्याकडे पाच उरली: जैसलमेर, मुन्नार, हंपी, गोकर्ण, तारकर्ली. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी एकाच दिवसाची होती, म्हणून जाताना एक रात्र आणि येताना एक रात्र, त्याहून जास्त प्रवास नाही असा नियम केला. जैसलमेर आणि मुन्नार तिथेच गेले.

उरलेल्या तीन ठिकाणांबद्दल "कुठे जायला आवडेल?" असं विचारलं नाही. "कुठे अजिबात जमणार नाही आणि का?" असं विचारलं. गोकर्णला दोघं नुकतेच जाऊन आले होते. हंपीबद्दल एका मैत्रिणीने मला वेगळा फोन केला. तिचा गुडघा दुखत होता आणि तिथे दिवसभर दगडांवरून चालायचं, मातंग टेकडी चढायची, हे तिला झेपणार नव्हतं. ग्रुपवर ती हे कधीच बोलली नसती. राहिली तारकर्ली. खर्च माणशी असा बसत होता: थर्ड एसीने जाऊन-येऊन 2,000, दोन रात्री घरगुती राहणं 2,000, जेवण 1,200, कुडाळहून गाडी आणि फिरणं 700. एकूण 5,900.

निर्णयाची तारीख मनाने ठरवू नका, तिकिटाला बांधा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी, सकाळी 8 ला उघडतं. इथे एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. कोकणकन्या मुंबईहून रात्री 11 नंतर सुटते आणि पनवेलला मध्यरात्रीनंतर येते. आमच्या पनवेलच्या तिकिटावर तारीख 12 डिसेंबर पडते, पण 60 दिवस मोजायचे ते गाडी मुंबईहून सुटते त्या 11 डिसेंबरपासून. म्हणजे आरक्षण 12 ऑक्टोबरला उघडणार. मी निर्णय शुक्रवारी 10 ऑक्टोबरला रात्री 9 ला ठेवला. तोवर जो बोलणार नाही त्याला बाकीच्यांचं ठरेल ते मान्य, हे आठ दिवस आधीच सांगितलं होतं.

आणि त्याच रात्री माणशी 2,000 यूपीआयने जमा करायचे, तेव्हाच होकार मोजायचा. सहा जणांचे आले. सातव्याला मी शनिवारी सकाळी फोन केला, तेव्हा तो म्हणाला रजा मिळत नाहीये, सांगायला संकोच वाटत होता. मला त्याच्यासाठी हळहळ वाटली, पण तिकिटं काढायच्या आधी कळलं हे बरं झालं. गाडीचं भाडं सहांत वाटल्यावर माणशी शंभरेक रुपये वाढले, म्हणजे मर्यादेतच राहिलो.

एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, त्यामुळे तुम्ही सातही जण आलात तर दोन तिकिटं दोघांनी दोन खात्यांवरून एकाच वेळी काढा. खात्याची आधार पडताळणी आधीच करून ठेवा, कारण आरक्षण उघडल्यावर पहिला वेळ फक्त तशाच खात्यांना मिळतो. परतीचं आरक्षण त्याच दिवशी उघडत नाही. आम्ही 14 डिसेंबरला रविवारी रात्री कुडाळहून निघणार होतो, त्यासाठी बुधवारी 15 ऑक्टोबरला पुन्हा 8 ला बसावं लागलं. ते काम कुणाचं, हे शुक्रवारीच ठरवून टाका.