दुसरी ओळ वाचून झाली की पहिलीकडे परत जा

प्रश्न: नाशिकमधल्या मुशायऱ्यांना नुकताच जायला लागलोय. दुसरी ओळ आली की सगळे 'वाह' म्हणतात. मला दोन्ही ओळी कळतात, पण वाह कशाला ते कळत नाही. शेरातली कलाटणी ओळखायची कशी?

शायर उला मिसरा, म्हणजे शेराची पहिली ओळ, दोन-तीनदा म्हणतो. तेवढ्या वेळात तुम्ही मनात एक अंदाज बांधावा, अशी त्याची इच्छा असते. आणि तो अंदाज चुकावा, हीसुद्धा. नवखे लोक अंदाजच बांधत नाहीत, सानी मिसऱ्याची, म्हणजे दुसऱ्या ओळीची, वाट बघत बसतात. मग मोडायला काही उरतच नाही.

दुसऱ्याच्या शेराची चिरफाड नको, म्हणून उदाहरणापुरता एक रचून देतो:

दार उघडे ठेवतो अन् रात्रभर मी जागतो

इथे थांबा. छापील गझल असेल तर खालची ओळ हाताने झाका आणि कोण, कशासाठी जागतोय ते चार-पाच शब्दांत लिहा. बहुतेक जण 'प्रेयसीची वाट बघतोय' असं लिहितील. आता हात काढा:

चोरही आला तरी चालेल, कोणी येउ दे

('येउ' ऱ्हस्व आहे ते वृत्तासाठी.) 'चोरही' हा शब्द येताच हसू येतं आणि बरेच जण तिथेच वाह म्हणून मोकळे होतात. पण खरं काम पुढे आहे. 'येउ दे' हा रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा भाग, धरला तर त्याआधीचा 'कोणी' हा काफिया, म्हणजे यमकाचा शब्द. रदीफ काय येणार हे श्रोत्याला मतल्यापासूनच, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरापासूनच, ठाऊक असतं, म्हणून त्याचे कान काफियावर असतात. 'कोणी' ऐकलं की कळतं, या माणसाला कुणा एकाची प्रतीक्षा नाहीच. त्याच्या दारात कुणीच येत नाही.

आता पहिल्या ओळीवर परत जा. ही पायरी गाळली तर सगळं फुकट. पहिल्या ओळीतला कोणता शब्द बदलला? लोक चोर येऊ नये म्हणून जागतात, हा चोर तरी यावा म्हणून जागतोय. तेव्हा 'जागतो'चा अर्थ उलटा झाला. 'उघडे' हा शब्द मघाशी स्वागताचा वाटला होता, आता त्यात लाचारी दिसते. असा बदललेला एकतरी शब्द पहिल्या ओळीत बोट ठेवून दाखवता आला तर कलाटणी आहे. नाही दाखवता आला तर नाही, टाळ्या कितीही पडोत.

त्याच पहिल्या ओळीखाली हे ठेवून बघा: 'वाट बघतो मी तुझी, तू येत नाही का बरे'. वृत्त नीट, अर्थ नीट, पण वर काहीच हललं नाही. तुमचाच अंदाज शायराने वाचून दाखवला. किंवा हे: 'चंद्र नाही आज गगनी, पिंपळाचे पान मी'. इथे अंदाज चुकतो खरा, पण दोन ओळींचा एकमेकींशी संबंधच नाही. शेर स्वतःपुरता पूर्ण हवा, त्यामुळे 'पुढच्या शेरात उलगडेल' ही सबबही चालत नाही.

आपल्याकडच्या मैफलींत एक जुना वाद आहे. काही मंडळींच्या मते कलाटणी म्हणजे धक्का, श्रोता दचकला की शेर झाला. मला हे साफ अमान्य आहे. दचकवायला विनोदही पुरतो. शेर ऐकल्यावर लगेच पुन्हा म्हणून बघा. शेवट ठाऊक झाल्यावर विनोदाची पहिली ओळ नुसती तयारी होऊन बसते. शेरात मात्र दुसऱ्या फेरीला पहिलीच ओळ जास्त बोलते. वरचा शेर 'चोरही'वरच संपला असता तर तोही विनोदच झाला असता. 'कोणी'ने तो वाचवला. पहिल्या हशालाच दाद देणारे श्रोते शायरांना बिघडवतात, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

बाकी सराव घरीच करा. सार्वजनिक वाचनालयातून एखादा गझलसंग्रह आणा आणि ओळ झाकून वाचा. मुशायऱ्यात सूर आणि गर्दीची दाद यांच्यात ही तपासणी जमत नाही.

हो, एक राहिलं. प्रत्येक शेरात कलाटणी शोधू नका. कित्येक चांगल्या शेरांत पहिल्या ओळीत दावा असतो आणि दुसरीत त्याचा दाखला. तिथे अर्थ बदलत नाही, पक्का होतो. मतल्यात तर दोन्ही ओळींना काफिया-रदीफ सांभाळायचा असतो, त्यामुळे पहिल्या ओळीत काही लपवून ठेवायला शायराला जागा कमी मिळते. म्हणून सुरुवात मतल्यापासून न करता मधल्या शेरांपासून करा.