इअरबड्सचा बॅकअप निम्म्यावर आलाय: सेल बदलायचा की नवे घ्यायचे?

प्रश्न: मागच्या वर्षी घेतलेले इअरबड्स आधी साडेपाच तास चालायचे, आता जेमतेम तीन तास. उजवा तर त्याच्याही आधी बंद पडतो. दुरुस्त होतील का, की नवेच घ्यावे लागतील?

उत्तर: उजवा आधी बंद पडतोय ना, मग तपासणी त्याच्यापासूनच सुरू करा. रात्रभर केसमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढल्या काढल्या फोनवर (किंवा कंपनीच्या ॲपमध्ये) दोघांची टक्केवारी बघा. उजवा तेव्हाच ६०-७० दाखवत असेल, तर तो बहुधा पूर्ण चार्जच होत नाहीये. बडच्या दांडीवर किंवा पोटाशी दोन-तीन सोनेरी ठिपके असतात आणि केसमध्ये त्यांच्यासमोर स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक पिना. घाम आणि कानातल्या मळाचा थर तिथे बसतो आणि चार्जिंग अर्ध्यात तुटतं. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून दोन्हीकडे पुसा, पिना दाबल्यावर परत वर येतात का ते बघा, आणि सगळं सुकल्यावरच झाकण लावा. माझ्याकडे ‘बॅटरी गेली’ म्हणून येणारे काही बड्स एवढ्यावरच सुधारतात.

पण बाहेर काढताना १०० टक्के आणि पुढे ३०-४० वरून एकदम बंद, असं होत असेल तर सेलच थकला आहे.

थोडा हिशेब मांडतो. समजा एका बडमधला सेल ५० एमएएचचा आहे. साडेपाच तास चालायचा म्हणजे सरासरी ९ मिलिअँपिअर ओढतो. तुम्ही रोज पाच-साडेपाच तास ऐकत असाल तर सेलची रोज भरून रिकामं होण्याची एक पूर्ण फेरी होते, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. लिथियमचे असे सेल साधारण तीनशे ते पाचशे फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतात. त्यात बड्स कानात नसतील तेव्हा केसमध्ये पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहतात, आणि ती केस खिशात नाहीतर स्कूटरच्या डिकीत तापत असते. त्यामुळे झीज आणखी वेगाने होते.

तरी ५० चे ४० एमएएच झाले तर चार-साडेचार तास मिळायला हवेत. मग तीनच का? कारण सेल जुना होताना त्याचा अंतर्गत रोधही वाढतो. कॉल चालू झाला, माइक आणि नॉइज कॅन्सलेशन एकदम प्रवाह मागू लागले, की व्होल्टेज खाली बसतं आणि आतलं सर्किट सेल संपला असं समजून बंद होतं. चार्ज शिल्लक असतो, पण वापरता येत नाही. फोन नेहमी उजव्याच कानाने घेत असाल, तर तोच आधी थकणार.

आता काय करता येईल? नॉइज कॅन्सलेशन, गेम मोड आणि ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याचा एलडीएसीसारखा जड कोडेक बंद करून बघा. कोडेकने आवाजात पडणारा फरक लोकलच्या किंवा बसच्या गोंगाटात कळतही नाही, पण वेळ नक्की वाढतो. कॉलसाठी एका वेळी एकच बड वापरा आणि दुसरा केसमध्ये चार्जिंगला ठेवा. आलटून पालटून दिवस निघतो. दिसायला जुगाड आहे, पण बिनखर्चाचा एवढा चांगला उपाय दुसरा नाही. वॉरंटी संपायला दिवस उरले असतील तर आधी बिल काढा. मात्र बॅटरीसाठी वेगळी अट किंवा कमी मुदत लिहिलेली असू शकते, ती वाचूनच सर्व्हिस सेंटरला जा.

सेल बदलणं आतल्या रचनेवर अवलंबून आहे. सोनीचे WF-1000XM4 किंवा सॅमसंगचे पहिले Galaxy Buds यांत १२५४ मापाचा, म्हणजे सुमारे १२ मिमी व्यासाचा आणि ५.४ मिमी जाडीचा गोल सेल असतो. तो सुटा विकत मिळतो आणि सराईत माणूस बदलून देतो. दांडीवाल्या बड्समध्ये सेल बहुतेकदा दांडीत चिकटवलेला लांबट असतो. उघडतानाच कवच तुटतं किंवा सेलला इजा होते. गोल सेलवर थेट कावीया टेकवणाऱ्याकडे देऊ नका, उष्णतेने तो खराब होतो. पट्टी आधीच वेल्ड केलेला सेल मागा. त्याच मापाचा CR लिहिलेला सेल तर अजिबात चालणार नाही, तो रिचार्जेबल नसतो. आणि एकदा उघडलेल्या बडचा घाम-पाण्यापासूनचा बचाव गेला असंच धरून चाला.

माझं मत सांगायचं तर, दीड-दोन हजारांच्या बड्सवर हा खर्च करू नये. महागडे असतील आणि आत गोल सेल असेल तरच, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

नवे घेताना खोक्यावरचे ‘४० तास’ बघू नका, त्यात केसचा चार्जही मिळवलेला असतो. नुसता बड एका चार्जमध्ये किती चालतो ते बघा. आठ-नऊ तासांचा असेल तर वर्षा-दीड वर्षाने घसरूनही तुमच्या कामाचे पाच तास देईल, शिवाय रोज पूर्ण रिकामा होत नसल्याने टिकेलही जास्त. बॅटरी स्वतः बदलता येईल असे फेअरफोनचे फेअरबड्स २०२४ मध्ये युरोपात आले. तिथे १८ फेब्रुवारी २०२७ पासून बदलता येण्याजोग्या बॅटरीचा नियमही लागू होतोय. आपल्याकडे सध्या दिवसभर कॉल असणाऱ्याला मी सरळ नेकबँड घ्यायला सांगतो. त्यातला सेल बडपेक्षा कितीतरी मोठा असतो.