गुण सारखे, विजय सारखे, तरी आम्ही खाली का?

प्रश्न: पलूसच्या क्रिकेट स्पर्धेत आम्ही ज्या संघाला हरवलं, तोच गुणतक्त्यात आमच्या वर आहे. दोघांचे गुण सारखे, विजयही सारखेच. टाय आणि ‘निकाल नाही’ हे रकाने कसे धरायचे आणि क्रम नक्की कशावरून ठरतो? मी यात अगदी नवीन आहे.

उत्तर:

बहुतेक तुमचा क्रम निव्वळ धावगतीवर, म्हणजे नेट रन रेटवर ठरला असावा. संघाने दर षटकामागे केलेल्या धावांतून त्याने दर षटकामागे दिलेल्या धावा वजा केल्या की ही धावगती मिळते. अनेक स्पर्धांच्या नियमांत दोन संघांमधल्या आपसातील सामन्याचा निकाल धावगतीनंतर पाहिला जातो आणि धावगती तंतोतंत सारखी निघणे फार दुर्मीळ असल्यामुळे त्या निकालापर्यंत सहसा पाळीच येत नाही. सांगली-मिरज भागातील स्पर्धांमध्ये मी गुणलेखनाचे काम करतो आणि तुमच्यासारखीच तक्रार घेऊन येणाऱ्या कर्णधारांना मी नेहमी 2019 च्या विश्वचषकाचा तक्ता दाखवतो, कारण त्यात तुमचे सगळे रकाने एकाच जागी सापडतात.

त्या स्पर्धेत साखळी फेरीनंतर न्यूझीलंड आणि पाकिस्तान या दोघांच्याही ओळी अशा होत्या: सामने 9, विजय 5, पराभव 3, टाय 0, निकाल नाही 1, गुण 11. विजयाला 2 गुण आणि टाय किंवा निकाल न लागलेल्या सामन्याला प्रत्येकी 1 गुण असा हिशेब होता, म्हणून पाच विजयांचे 10 आणि वाया गेलेल्या सामन्याचा 1. कोणताही तक्ता हाती आला की आधी विजय, पराभव, टाय आणि निकाल नाही या चार रकान्यांची बेरीज ‘सामने’ या रकान्याशी जुळते का, ते पाहावे. ती जुळत नसेल तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही. विजयाचे गुण मात्र सगळीकडे 2 च असतील असे धरू नये. आपल्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्या नावाने होणाऱ्या स्पर्धेत विजयाला 4 गुण देतात.

नवख्या माणसाला इथे पहिला प्रश्न पडतो तो असा, की पाकिस्तानचा श्रीलंकेविरुद्धचा आणि न्यूझीलंडचा भारताविरुद्धचा सामना पावसामुळे एकही चेंडू न पडता रद्द झाला, मग तो ‘सामने’ या रकान्यात का धरला? कारण त्या सामन्याचे गुण वाटले गेले आहेत आणि तो पुन्हा खेळवला जाणार नाही. तक्त्याच्या दृष्टीने तो संपला. धावगतीच्या हिशेबात मात्र तो अजिबात येत नाही, त्यामुळे दोघांची धावगती आठ सामन्यांवरच काढली गेली. टायचे तसे नाही. दोन्ही संघांनी पूर्ण सामना खेळून धावसंख्या सारखी केली, जसे 2011 च्या विश्वचषकात बेंगळुरूला भारत आणि इंग्लंड दोघेही 338 वर थांबले, तर त्या धावा आणि षटके हिशेबात येतात. जिथे सुपर ओव्हरने विजेता ठरवतात तिथे त्या विजेत्याला विजयाचे पूर्ण गुण मिळतात, पण सुपर ओव्हरमधील धावा धावगतीत धरत नाहीत.

आता क्रमाकडे येऊ. 2019 चा नियम असा होता की आधी गुण, ते समान असतील तर विजयांची संख्या, तीही समान असेल तर निव्वळ धावगती आणि त्यानंतर आपसातील सामना. विजयांची पायरी अशासाठी, की पाच विजय मिळवून 10 गुणांवर आलेला संघ हा चार विजय आणि पावसाने दिलेले दोन गुण यांवर 10 झालेल्या संघाच्या वर राहावा. मला हा नियम न्याय्य वाटतो. न्यूझीलंड आणि पाकिस्तान यांचे विजयही पाच-पाचच होते, म्हणून निर्णय धावगतीवर गेला. तिथे न्यूझीलंड +0.175 वर आणि पाकिस्तान -0.430 वर होता. साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवले होते, तरीही उपांत्य फेरीत न्यूझीलंड गेला. तुमची तक्रार नेमकी हीच आहे.

पाकिस्तानची धावगती बिघडली ती मुख्यतः पहिल्याच सामन्यात. वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांचा डाव 21.4 षटकांत 105 धावांवर आटोपला आणि वेस्ट इंडीजने 13.4 षटकांत 108 धावा केल्या. संघ सर्वबाद झाला की त्याने खेळलेली षटके नव्हे तर त्याच्या वाट्याची पूर्ण षटके धरतात, त्यामुळे पाकिस्तानची गती 105 भागिले 50, म्हणजे 2.10 झाली. वेस्ट इंडीज सर्वबाद झाला नव्हता, म्हणून त्यांची खेळलेलीच षटके धरायची. इथे गुणलेखकाच्या टेबलावर हमखास होणारी चूक अशी, की कॅल्क्युलेटरवर 108 भागिले 13.4 असे करतात आणि उत्तर 8.06 येते. वास्तविक 13.4 म्हणजे 13 षटके आणि 4 चेंडू, म्हणजे 82 चेंडू. त्यांना 6 ने भागले की 13.667 षटके होतात आणि खरी गती 7.90 येते. पाकिस्तानची त्या सामन्यातली निव्वळ धावगती 2.10 वजा 7.90, म्हणजे -5.80.

पूर्ण स्पर्धेची धावगती काढताना मात्र प्रत्येक सामन्याच्या अशा आकड्यांची सरासरी काढायची नसते. सर्व सामन्यांत केलेल्या एकूण धावा भागिले एकूण षटके, यातून दिलेल्या एकूण धावा भागिले टाकलेली एकूण षटके वजा करायची. सरासरी काढली तर 13 षटकांत संपलेल्या डावाला 50 षटकांच्या डावाइतकेच वजन मिळते आणि उत्तर चुकते.

एकदा खोल गेलेली धावगती भरून काढणे किती कठीण असते, हे पाकिस्तानच्या बांगलादेशविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात दिसले. त्यांनी 315 धावा केल्या, तरी न्यूझीलंडला मागे टाकण्यासाठी त्यांना बांगलादेशला 7 धावांत गुंडाळावे लागणार होते. सामना त्यांनी 94 धावांनी जिंकला आणि 2 गुणही मिळवले, पण स्थान पाचवेच राहिले.

तुम्ही म्हणाल, आपसातील सामनाच आधी का पाहू नये? दोन संघांत तो सोपा आहे, पण तीन संघ समान गुणांवर आले आणि पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पहिल्याला हरवले असेल तर त्यातून क्रम निघतच नाही. तरीही काही स्पर्धांत, विशेषतः गावपातळीवर, तो धावगतीच्या आधी ठेवलेला असतो. म्हणून आयोजकांकडे छापील नियमावली मागा आणि गुण समान असल्यास काय, एवढे कलम वाचा. आपसातील सामना आधी लिहिलेला असेल तर वरचे स्थान तुमचे आहे आणि तसे लेखी कळवा. धावगती आधी असेल तर गुणपुस्तकातून दोन्ही संघांच्या प्रत्येक सामन्यातील धावा, चेंडूंत मोजलेली षटके आणि संघ सर्वबाद झाला होता का, एवढ्याच तीन गोष्टी उतरवून घ्या. आठ षटकांच्या सामन्यात सहा षटकांत सर्वबाद झालेल्या संघाला सहाच षटके धरली आहेत का, हे सगळ्यात आधी तपासा, कारण तक्ता चुकलेला असेल तर बहुधा तिथेच चुकलेला असतो.